प्रयोगशाळेतली फूटतूट आणि पुढच्या वर्षाची खरेदी



मार्च महिना आला की शाळा-महाविद्यालयांत पुढच्या वर्षाच्या खरेदीची यादी मागवली जाते. प्रयोगशाळा सहाय्यक कपाटं उघडतात, मागच्या वर्षीची यादी समोर ठेवतात आणि बहुतेक वेळा तीच थोडी वाढवून मुख्याध्यापकांकडे पाठवतात. फूटतुटीची नोंदवही मात्र टेबलाच्या खणातच राहते, कारण तिच्यात लिहिलेलं असतं एवढंच : 'बीकर २, ब्युरेट १, फुटले.' एवढ्या नोंदीवरून विद्यार्थ्याकडून भरपाई घेता येते, पण खरेदी ठरवता येत नाही. नोंद कशी लिहिली म्हणजे तिच्यातूनच खरेदीचा आकडा निघतो, ते आज आपण एकाच वस्तूच्या, ब्युरेटच्या, आधारे पाहू.

उदाहरणासाठी पैठण तालुक्यातलं एक कनिष्ठ महाविद्यालय धरू. बारावी विज्ञानाची २० जणांची एक बॅच आहे आणि प्रत्येकाला अनुमापनासाठी स्वतंत्र ब्युरेट हवी. तीन वर्षांपूर्वी कपाटात ३२ चांगल्या ब्युरेट होत्या. त्यानंतर खरेदी झाली नाही. फूटतूट मात्र झाली : पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी ५, तिसऱ्या वर्षी ६. म्हणजे १५ गेल्या आणि चालणाऱ्या १७ उरल्या. पण या १५ ब्युरेटचं निर्लेखन कुणी केलंच नाही, त्यामुळे साठा नोंदवहीत आजही ३२ दिसतात. सहाय्यकांनी मागणी केली की कार्यालय म्हणतं, "अहो, ३२ आहेत की! आणखी कशाला?" कागदाप्रमाणे कार्यालयाचं बरोबर आहे, आणि प्रयोगाच्या तासाला तिघांना दुसऱ्याची ब्युरेट रिकामी होण्याची वाट पाहावी लागते, हेही खरं आहे.

आता याच १५ नोंदींपुढे कारणाचा रकाना असता तर काय दिसलं असतं? समजा, ९ ब्युरेटची खालची बारीक नळी मोडली. ४ ब्युरेटची तोटी घट्ट बसली. २ स्टँडसकट खाली पडून फुटल्या.

पहिलं कारण पाहू. ब्युरेट लांब असते आणि बेसिनमध्ये धुताना तिचं टोक नळावर किंवा कडेवर आपटतं. हे प्रयोग करताना नव्हे, तर तास संपल्यावर, घाईत होतं. म्हणून नोंदीत 'प्रयोग करताना' की 'धुताना' हे लिहिलेलं असायलाच हवं. ९ नोंदींपुढे 'धुताना' असेल तर उपाय बेसिनपाशीच आहे : नळाच्या तोंडाला हातभर रबरी नळी चढवायची आणि बेसिनच्या तळाशी रबरी चटई टाकायची.

दुसरं कारण रसायनाचं आहे. अकरावीच्या अनुमापनात ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड भरलं आणि ते तसंच राहिलं, तर तोटीच्या घासलेल्या काचेला ते हळूहळू खातं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तिथे पांढरा थर जमतो आणि तोटी जखडते. ती जोर लावून फिरवली की मोडते. अशी ब्युरेट आधी कोमट पाण्यात, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात भिजत ठेवली तर काही वेळा सुटते. वर्ष संपताना तोटी काढून, कागदाची चिठ्ठी मध्ये घालून ठेवली तर हा प्रश्नच येत नाही. पोटॅशियम परमँगनेटने आतून तपकिरी झालेली ब्युरेट तर खराब नसतेच. आम्लयुक्त ऑक्झॅलिक आम्लाने तो डाग निघतो. ती फुटक्यांत लिहिणं म्हणजे चांगली वस्तू बाद करणं.

ब्युरेटखेरीज इतर काचसामानात काचेच्या तुकड्याकडे नीट पाहिलं तरी कारण कळतं. परीक्षानळीच्या किंवा बीकरच्या तळाशी एकच वळत गेलेली चीर असेल तर ती बहुधा तापवण्यामुळे आलेली असते : बाहेरून ओलं भांडं ज्योतीवर धरलं किंवा गरम भांडं ओल्या ओट्यावर ठेवलं. एका बिंदूतून चारी बाजूंना तडे गेले असतील तर मार लागलेला आहे. साध्या सोडा काचेला तापमानातला अचानक बदल सोसत नाही, कारण ती बोरोसिलिकेट काचेच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते. तापवण्याच्या कामातल्या नळ्या अशा चिरांनी जात असतील तर तेवढ्याच नळ्या बोरोसिलिकेटच्या घ्याव्यात. गाळण्याच्या, मिसळण्याच्या कामाला साध्या चालतात.

आता हिशोब. जखडलेल्या ४ पैकी २ भिजवून सुटल्या असं धरू. म्हणजे चालू ब्युरेट १९, आणि निर्लेखनाला १३. ती १३ ची यादी, नोंदवहीतल्या तारखांसह, मुख्याध्यापकांच्या मंजुरीला आधी जायला हवी, म्हणजे साठा नोंदवही ३२ वरून १९ वर येईल आणि कार्यालयाचा प्रश्न तिथेच मिटेल. वर्षभर २० ब्युरेट हाताशी हव्यात आणि तीन वर्षांची सरासरी फूट ५ आहे. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला २५ हव्यात. २५ वजा १९, खरेदी ६. समजा, दरपत्रकात दर ४०० रुपये आहे आणि कर व गाडीभाडं धरून नग ४८० ला पडतो, तर २,८८० रुपये. 'एक डझन घ्या' म्हटलं असतं तर हाच खर्च ५,७६० झाला असता.

रबरी नळी लावली म्हणून लगेच पुढच्या फुटीचा अंदाज ५ वरून ३ वर आणू नये. एक वर्ष नोंदी होऊ द्या. 'धुताना'च्या नोंदी खरोखर कमी झाल्या तरच आकडा कमी करा. विद्यार्थी वाढले, दुसरी बॅच सुरू झाली, तर त्या प्रमाणात तो वाढवावा लागेल.

ही सरासरी उपकरणांना मात्र लावू नये. अमीटर किंवा सूक्ष्मदर्शी वर्षाला ५ मोडत नाहीत. तिथे प्रत्येक नगाचा क्रमांक, काय बिघडलं आणि दुरुस्तीचा दर लिहायचा. अमीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडला तर त्याच्या अतिशय कमी रोधामुळे मोठा प्रवाह जातो, काटा वाकतो किंवा आतली कॉइल जळते. काटा वाकला असेल तर दुरुस्ती परवडते. कॉइल गेली आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्याहून महाग पडत असेल तर नवा घ्यावा, हा माझा ठोकताळा आहे.

दोन ठिकाणी ही नोंदवही चुकीचं चित्र दाखवते. पहिलं, दंडाच्या भीतीने मुलं टवका उडालेला बीकर गुपचूप परत ठेवतात. एखाद्या महिन्यात एकही नोंद नाही आणि कपाटात नग कमी, असं दिसलं तर फूट लपवली जात आहे असं समजा. कुणाची चूक, हा प्रश्न कारणाच्या रकान्यापासून वेगळा ठेवला तर मुलं खरं सांगतात. दुसरं, पुरवठादाराकडून महाविद्यालयापर्यंत येताना खोक्यात फुटलेला माल. खोकं आल्या दिवशीच उघडायचं, नग मोजायचे, फुटलेले चलनावर लिहून पुरवठादाराच्या माणसाची सही घ्यायची. ती फूट पुरवठादाराची, वर्गाच्या सरासरीत ती मिळवायची नाही.

तेव्हा नोंदवहीला रकाने एवढेच पुरेत : तारीख, इयत्ता व बॅच, वस्तू व माप, नग, धुताना की प्रयोगात, कसं मोडलं, दुरुस्त होईल का, आणि सही. महिनाअखेरीला कपाटातले नग मोजून बेरीज जुळवली, तर मार्चमध्ये खरेदीची यादी अर्ध्या तासात होते, आणि एप्रिलमध्ये मागणी गेली की जूनमध्ये शाळा उघडताना माल कपाटात असतो.