हलव्याचे दागिने आणि एक विनंती
(मंडळाच्या गुढीपाडवा कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



आम्हाला बोलायला सांगितलं तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत ‘मनोगत’ एवढंच छापलं होतं. आम्ही भाषण करणारे लोक नाही. पण गेल्या दोन महिन्यांत घरात जे झालं ते मोकळेपणानं सांगावं, असं आम्हा दोघांना वाटलं.

आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे की लग्नानंतर चौदा वर्षांनी, कार्तिकात आमच्या घरी मुलगी आली. नातेवाइकांना किती आनंद झाला म्हणून सांगावं! बारशाला येऊन गेलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तिचा फोटो होता. कुणाच्या स्टेटसला, कुणाच्या डीपीला, कुणाच्या फेसबुकवर. आम्हीही खूश होतो. घरच्या गटात पहिला फोटो आम्हीच टाकला होता, हे आधी कबूल करतो.

संक्रांतीला बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, बाजूबंद, गळ्यात हार. चौथ्या दिवशी ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं शुभेच्छांचा संदेश पाठवला. खाली तिळगुळाचं वाक्य, कोपऱ्यात पतंग आणि मधोमध आमची मुलगी! त्या गृहस्थांनी तिला कधी पाहिलेलंही नाही. त्यांना तो संदेश पुण्याच्या साडूंकडून आला होता. वर दोन बाणांची खूण होती. ही खूण असली की समजावं, संदेश मूळ माणसापासून निदान पाच हात फिरून आलेला आहे.

आम्ही माग काढला. फोटो मामेबहिणीनं काढून घरच्या गटात टाकला. त्या गटात त्रेसष्ट माणसं. आत्यांनी तो स्टेटसला ठेवला. त्यांच्या शेजारच्या मुलीला आवडला म्हणून तिनं स्क्रीनशॉट घेतला. पुढे कुणीतरी त्यावर अक्षरं टाकली. तिथून पुढचं काही कळलं नाही. यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता, आणि म्हणूनच आम्हाला जास्त काळजी वाटली. भांडायला समोर कुणी नाही आणि फोटो परत मागायला पत्ता नाही.

मग त्या रात्री आम्ही दोघांनी बसून बाहेर काय काय गेलंय ते पाहिलं. दुपट्यात गुंडाळलेल्या पहिल्या फोटोत हाताला दवाखान्याची पट्टी होती, तीवर आईचं नाव वाचता येत होतं. बारशाच्या पत्रिकेचा फोटो फेसबुकवर होता. त्यात मुलीचं नाव, आमची पूर्ण नावं, घराचा पत्ता. एका काकांनी कौतुकानं जन्मतारीख आणि वेळही लिहिली होती. एक व्हिडिओ तेल लावून अंघोळ घालतानाचा होता, अंगावर कपडा नसलेला. हे सगळं एकत्र ठेवलं तर परक्या माणसाला ‘मी तुमच्या घरच्यांना ओळखतो’ असं सहज भासवता येईल. अंघोळीच्या व्हिडिओबद्दल तर आणखी काही बोलायला नको.

कायद्याचा आधार आहे का, तेही पाहिलं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. पण एखाद्या व्यक्तीनं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर त्या कायद्याच्या बाहेर ठेवला आहे. म्हणजे आत्यांनी स्टेटस ठेवणं हा कायद्याचा प्रश्नच नाही. तो नात्यातच सोडवायचा.

थेट गटात लिहिलं असतं तर आत्यांना चारचौघांत बोलल्यासारखं झालं असतं. म्हणून रविवारी आधी त्यांच्या घरी गेलो. ऐकून त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “चौदा वर्षं मी उपास केले रे हिच्यासाठी. आता दाखवायचंही नाही का कुणाला?” याला आमच्यापाशी उत्तर नव्हतं. आम्ही फक्त तो संक्रांतीचा संदेश त्यांच्यापुढे धरला. बराच वेळ त्या पाहत राहिल्या. मग स्वतःच मोबाइल पुढे करत म्हणाल्या, “कुठून काढायचं ते दाखव.”

संध्याकाळी गटात हे लिहिलं:

“सर्वांना नमस्कार. बाळावर तुम्ही करता ते प्रेम आम्हाला रोज दिसतं. एक विनंती आहे. यापुढे बाळाचे फोटो, व्हिडिओ, नाव-जन्मतारीख स्टेटस, डीपी, फेसबुक, इन्स्टाग्राम कुठेच टाकू नयेत, आणि आधी टाकलेले काढावेत. सुरुवात आमच्यापासूनच झाली, आमचे फोटो आम्ही आज काढले. ती मोठी झाली की काय दाखवायचं ते तीच ठरवील. ज्यांना फोटो हवा त्यांना आम्ही छापून देऊ. काढायला अडचण आली तर फोन करा, घरी येऊन मदत करू. कुणावरही राग नाही.”

काढायला मदत करताना काही गोष्टी शिकलो. स्टेटस 24 तासांत आपोआप जातं, त्यामुळे जुन्याची चिंता नको. गटातला फोटो ‘सर्वांसाठी डिलीट’ करायची सोय सुमारे अडीच दिवसच असते. त्यानंतर तो ज्याच्या त्याच्या मोबाइलमधूनच काढावा लागतो. फेसबुकवर आपलं नाव टॅगमधून काढलं तरी फोटो तिथेच राहतो. ज्यानं टाकला त्यालाच तो काढता येतो. काढलेला फोटोही आधी कचरापेटीत जातो आणि 30 दिवस तिथे राहतो, म्हणून ती पेटीही रिकामी करावी. एका काकांनी ‘माझ्यासाठी डिलीट’ दाबलं आणि निश्चिंत झाले. फोटो फक्त त्यांना दिसेनासा झाला, बाकी बासष्ट जणांना दिसतच होता!

तीन आठवड्यांत बहुतेक सगळं निघालं. एका घरून “एवढं काय सोनं लागलंय?” असंही ऐकलं. तिथे वाद घातला नाही. बारशाच्या पत्रिकेतला पत्ता मात्र पुन्हा दाखवला. दोन दिवसांनी त्यांनी ती काढली. फोटो स्टुडिओतून छापून पाकिटांत घालून वाटले. आत्यांकडचा आता त्यांच्या देवघराशेजारी चौकटीत आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या तो हातात देऊन दाखवतात, आणि परत घेतात.

संक्रांतीचा तो संदेश मात्र परत आला नाही, येणारही नाही. पुढच्या जानेवारीत तो पुन्हा कुणाच्या तरी मोबाइलवर उगवेल, हे आम्ही धरून चाललो आहोत.

शेवटी मंडळाला एक विनंती. गणेशोत्सवात वेशभूषा स्पर्धेचे फोटो आपण मंडळाच्या गटात आणि पानावर टाकतो, खाली नाव आणि शाळाही लिहितो. यंदा नावनोंदणीच्या कागदावर ‘फोटो टाकायला पालकांची संमती आहे / नाही’ अशी एक ओळ छापावी. आणि ज्यांनी ‘नाही’वर खूण केली त्यांना कुणी कारण विचारू नये.

मुलगी मागच्या रांगेत आजीच्या मांडीवर आहे. जरूर भेटा, उचलून घ्या. मोबाइल तेवढा खिशात राहू द्या.