नातीचा आठवड्याचा तक्ता
(सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत ३४ वर्षं काढली, त्यामुळे रकाने आखायची सवय काही सुटत नाही. माझी नात दुसरीत गेली आणि आमच्या घरी संध्याकाळी रोज रडारड सुरू झाली. एका गुरुवारी गृहपाठ झालेला नसताना ती "झाला" म्हणाली. सात वर्षांचं पोर आम्हाला भिऊन खोटं बोललं, हे मला लागलं.

मी तक्ता केला आणि तो तीन दिवसांत फसला. त्यात अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने होते. तिला घड्याळ नीट वाचता येत नव्हतं, आणि शाळेची बस उशिरा आली की पुढचं सगळं कोलमडायचं.

दुसरा तक्ता तिला शेजारी बसवून केला. कार्डशीटवर सोमवार ते रविवार असे सात उभे रकाने. वेळ कुठेच लिहिली नाही, फक्त वरून खाली क्रम. अभ्यासाला निळी वही, खेळाला हिरवा चेंडू, घरकामाला पिवळी बादली. चित्रं तिनेच काढली. कामं दोनच ठेवली : डबा मोरीत ठेवणं आणि तुळशीला पाणी घालणं. तक्ता फ्रिजवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर लावला. काम झालं की खूण तिनेच करायची.

तक्ता रंगवून झाला आणि सूनबाई म्हणाल्या, "बाबा, बुधवारी-गुरुवारी हिरवा रंगच नाही!" बुधवारी नाच, गुरुवारी शिकवणी, मग गृहपाठ. रडारड व्हायची ती बहुतेक याच दोन दिवशी. म्हणजे चूक पोरीची नव्हती, आमच्या वाटपाची होती. शिकवणी शनिवारी सकाळी घेतली. आता गुरुवारी ती आधी खाली खेळून येते आणि मग वही उघडते.

मध्ये मी एक चूक केली. दर खुणेला चांदणी आणि दहा चांदण्यांना चॉकलेट असं ठरवलं. आठवड्याभरात बाईसाहेब विचारू लागल्या, "आजोबा, ताट उचललं तर किती चांदण्या?" ते लगेच बंद केलं.

रविवारी आम्ही दोघं पाच मिनिटं तक्त्यासमोर बसतो. रिकाम्या घरावरून रागवायचं नाही, का राहिलं एवढंच विचारायचं. रागावलो, तर ती खोटी खूण करायला शिकेल. तुळशीचं घर सारखं रिकामं दिसायचं, कारण संध्याकाळी ती दमलेली असे. मग बादली सकाळच्या दुधानंतर नेली. पाहुणे किंवा ताप असेल त्या दिवशी तक्ता सुट्टीवर.

गेल्या रविवारी एका रिकाम्या घरावर तिनेच बोट ठेवलं. "हा गृहपाठ मी केलाच नव्हता, आजोबा." तिला शाबासकी दिली आणि आम्ही दोघांनी मिळून तो पूर्ण केला.