वेगाची तालीम आणि विसावा



संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर जाऊन पाहावे. चौदा-पंधरा वर्षांची मुले शिट्टी वाजली की पळतात, परततात आणि दम घेण्यापूर्वीच पुन्हा शिट्टी वाजते. अर्ध्या तासात मुले घामाने निथळतात आणि कडेला उभे असलेले पालक म्हणतात, ‘आज चांगली मेहनत झाली!’ मेहनत झाली खरी. परंतु वेगाची तालीम झाली काय? आमच्या मते नाही, आणि ते का, एवढेच आज सांगावयाचे आहे.

फुटबॉलमधील पुष्कळशा धावा दहा-वीस मीटरांच्या, दोन-तीन सेकंदांत संपणाऱ्या असतात. तेव्हा चेंडूपर्यंत आधी कोण पोहोचणार, हे बहुधा पहिल्या पाच-सहा पावलांतच ठरते. या पावलांत जमीन मागे ढकलावयाची असते. त्यासाठी टाचेपासून डोक्यापर्यंत सारे शरीर एका रेषेत पुढे कललेले हवे. कमरेत वाकणे म्हणजे कलणे नव्हे. पाऊल कमरेच्या खाली किंवा किंचित मागे पडावे. पुष्कळ मुले लांब ढांग टाकावयास जातात. मग पाऊल शरीराच्या पुढे पडते आणि दर पावलाला लगाम खेचल्यासारखे होते.

दिशा बदलण्याचे रहस्य वळण्यात नसून थांबण्यात आहे. भरधाव मुलाला एकाच पावलावर वळावयास लावले, तर सारा भार त्या एका गुडघ्यावर येतो. म्हणून वेग वळणाच्या आधीच्या पावलापासून, आणि वेग फार असेल तर त्याहीपूर्वी, कमी करावयाचा. कंबर खाली आणावयाची, आणि मग बाहेरचा पाय बाजूला रोवून नव्या दिशेने ढकलावयाचे. रोवलेल्या पायाचा गुडघा आत कोसळू लागला, तर समजावे की वेग झेपत नाही. अशा वेळी वेग कमी करून तीच हालचाल पुन्हा बसवावी. ती बसली, की शंकू उचलून समोर एक मुलगा उभा करावा. शंकू हूल देत नाही. प्रतिस्पर्धी देतो, आणि त्याच्याकडे पाहून वळणे हीच खरी चपळाई.

आता मूळ मुद्दा विसाव्याचा. पूर्ण जोराच्या धावेसाठी स्नायू क्रिएटिन फॉस्फेट नावाचा, हाताशी असलेला छोटा साठा वापरतात. तो खूप खर्च झाला, तर अर्ध्या-एक मिनिटात सुमारे निम्मा भरतो. जवळजवळ पूर्ण भरावयास तीन ते पाच मिनिटे लागतात. तीन सेकंदांच्या एका धावेने तो रिता होत नाही; पण विसाव्यावाचून धावा होत गेल्या, तर आटत जातो.

एक उदाहरण घेऊ. पंधरा वर्षांचा मुलगा २० मीटर ३.३ सेकंदांत धावतो असे समजा. दोन मिनिटांच्या विसाव्याने त्याने सहा धावा केल्या, तर सहावीही ३.३ किंवा ३.४ येईल. वीस सेकंदांचाच विसावा दिला, तर चौथ्या-पाचव्या धावेला घड्याळ जास्त वेळ दाखवू लागेल. आकड्यापेक्षा अंग काय करते ते पाहावे: छाती लवकर उभी होते, पाऊल पुढे पडू लागते, वळताना गुडघा आत जातो. म्हणजे जी ढब सोडवावयाची, तीच आपण घोटून घेत असतो. हाताच्या घड्याळात एक-दोन दशांशांची चूक सहज होते. म्हणून एका आकड्यावर विसंबू नये. लागोपाठ दोन धावा मंदावल्या आणि ढबही बिघडली, की त्या दिवसाची वेगाची तालीम संपली.

स्थूल हिशेब असा की, दर दहा मीटरांच्या धावेमागे एक मिनिट विसावा. त्याची व्यवस्थाही सोपी आहे. सहा मुलांची एक रांग करा आणि दर वीस सेकंदांनी एकाला सोडा. प्रत्येकाला आपोआप जवळजवळ दोन मिनिटे मिळतात. अंग चांगले गरम केल्यावर, दमविणाऱ्या खेळापूर्वी, अशा सहा धावा आणि थोड्या वळणांच्या धावा पुरेत. त्याही आठवड्यातून दोनदा.

कोणी विचारील, सामन्यात दमलेल्या अंगानेच धावावे लागत नाही काय? लागते. त्यासाठी थोड्या विसाव्याच्या धावा जरूर घ्याव्यात. मात्र त्या दमाच्या तालमीत जमा कराव्यात आणि निराळ्या वेळी घ्याव्यात.

शेवटी एक मर्यादा. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास झपाट्याने वाढते. त्या काळात काल जमणारे वळण आज अडखळते. तो आळस नव्हे. लांबलेले पाय अजून सवयीचे झालेले नसतात. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर दुखू लागले, तर उड्या आणि कडक वळणे कमी करून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

तेव्हा यापुढे मैदानावर मुले रांगेत स्वस्थ उभी दिसली, तर शिक्षकाला दोष देण्यापूर्वी त्यांची सहावी धाव पाहा. ती पहिलीसारखी असेल, तर तो उभे राहण्याचा वेळ फुकट गेलेला नाही.