बोनसातला फ्रीज नेमका केवढ्याला पडतो?

दिवाळी तोंडावर आली की राजापेठेच्या दुकानांवर पाट्या लागतात, ‘शून्य टक्के व्याज, सोपे हप्ते’. घरी बोनस आलेला असतो, कोणाकडे सोयाबीनचा पैसा असतो, अंगणवाडीच्या ताईंना भाऊबीज भेट मिळालेली असते. हप्त्यावर वस्तू घेऊच नका, असं सांगायला मी आलेली नाही. ती एकूण केवढ्याला पडते, ते सही करण्याआधी साध्या शब्दांत विचारा, एवढंच माझं आवाहन आहे.

आमच्या गटातल्या एका ताईचा हिशोब सांगते. तिचे यजमान नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कामाला आहेत. नऊ हजार बोनस आला आणि ताई फ्रीज पाहायला गेली. किंमत 24,000. दोन हजारांचे बारा हप्ते, त्यातले चार आजच भरायचे, बाकीचे आठ महिन्याला एक. मला म्हणाली, “ताई, व्याज लागतच नाही म्हने तो दुकानवाला. अन् बोनसात बसून राह्यलं.”

मी म्हटलं, “रोख घेतला तर केवढ्याला देतो, ते विचारलं का?” तिने विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारून आली. रोखीने तोच फ्रीज 22,500 ला. शिवाय हप्त्याचा कागद करायला प्रक्रिया शुल्क 500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 90, असे 590 रुपये वेगळे.

आता वही घ्या. हप्त्याने एकूण जातात 24,000 आणि 590, म्हणजे 24,590. रोखीने जातात 22,500. फरक 2,090 रुपयांचा. व्याज शून्य असेल तर हे 2,090 कशाचे? नाव सूट आणि शुल्क असं असलं, तरी ते उधारीचंच मोल आहे.

ही उधारी किती रुपयांची, तेही पाहा. पहिल्याच दिवशी ताईने चार हप्त्यांचे 8,000 आणि शुल्काचे 590 मिळून 8,590 दिले असते. रोख किमतीतून ते वजा केले तर उरतात 13,910. म्हणजे 24,000 ची उधारी नव्हतीच, होती 13,910 ची. तीही दर महिन्याला कमी होत जाणारी. तिच्यावर आठ महिन्यांत 2,090 जादा, म्हणजे शेकडा साधारण सव्वातीन रुपये महिना, वर्षाचे जवळजवळ 39 टक्के.

आपल्या गटात शेकडा दोन रुपयांनी 14,000 घेतले आणि आठ महिन्यांत दरमहा 1,750 मुद्दल फेडली, तर पहिल्या महिन्याचं व्याज 280, मग 245, असं उतरत जाऊन एकूण 1,260 होतं. आणि ते व्याज गटाच्याच पेटीत राहतं.

सप्टेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, ते व्याज शुल्कात लपवलेलं असतं. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँक किंवा फायनान्स कंपनी असं हप्त्याचं कर्ज देते तेव्हा आपल्याला समजणाऱ्या भाषेत एक पत्रक देणं तिला बंधनकारक आहे. त्यात शुल्कासकट वर्षाचा दर आणि एकूण फेड लिहिलेली असते. त्यात न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. विचार करायला निदान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. पत्रक घरी न्या, मुलीला वाचायला सांगा.

पण त्या पत्रकातही एक गोष्ट दिसत नाही, दुकानात सोडलेली रोखीची सूट. ताईच्या व्यवहारात नुसतं शुल्क धरलं तर दर वर्षाला सुमारे 10 टक्केच निघतो. सूट धरली की तो 39 वर जातो. म्हणून रोखीचा भाव आधी विचारायचा, हप्त्याचं नाव नंतर काढायचं. बिलात जादा वॉरंटी, विमा किंवा कार्डाची फी घातली आहे का, तेही पाहायचं.

आणखी एक. नोव्हेंबरात पहिला हप्ता धरला, तर शेवटचे दोन मे आणि जूनमध्ये येतात. तेव्हाच बियाणं, खत अन् पोरांची शाळा. खात्यात पैसे नसले की बँक दंड कापते आणि कंपनी वेगळा लावते. सिबिल बिघडतं ते निराळंच.

ताईने काय केलं? बोनसातले 8,500 आणि गटाचे 14,000 मिळून फ्रीज रोखीने आणला. 830 रुपये वाचले.

या दिवाळीला गटाच्या बैठकीत वहीच्या एका पानावर तीन ओळी लिहा: रोखीने किती, हप्त्याने एकूण किती, फरक किती. तो फरक परवडतो असं वाटलं, तर खुशाल सही करा.