बटण बंद, तरी होल्डरमध्ये करंट

(सोसायटीच्या सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



विंचूर आणि आसपासच्या घरांमध्ये मी बरीच वर्षं वायरिंगचं काम केलं आहे. आज एकच गोष्ट सांगतो. दिवा विझला म्हणजे होल्डरमधला करंट गेला, असं समजू नका.

बल्बकडे दोन तारा जातात, फेज आणि न्यूट्रल. यातली कोणतीही तोडली तरी दिवा विझतो. म्हणून बटण चुकून न्यूट्रलवर बसवलं असलं तरी कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पण तेव्हा बटण बंद असतानाही होल्डरपर्यंत २३० व्होल्टचा फेज उभाच असतो. बल्ब बदलताना बोट पिनेला लागलं की झटका बसतो. एमसीबीला यातलं काही कळत नाही. ईएलसीबी पडेल, पण माणसाला करंट लागल्यावर. न्यूट्रलवर एकटं बटण नको, हे १९५६च्या भारतीय वीज नियमांतही होतं.

आता तपासायचं कसं? आधी टेस्टर एखाद्या चालू प्लगमध्ये लावून बघा. मोठं अर्थिंगचं भोक वर धरलं तर समोरून पाहताना उजवीकडचं भोक फेजचं. तिथे टेस्टर लागला पाहिजे. मग मेन स्विच आणि घरात असेल तर इन्व्हर्टरही बंद करून बल्ब काढा आणि मेन पुन्हा चालू करा. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहा, लोखंडी शिडी नको. टेस्टरचं टोक सोडून बाकी दांडीवर प्लॅस्टिकची नळी असलेलाच टेस्टर घ्या, नाहीतर उघडी दांडी दोन्ही पिनांना टेकून शॉर्ट होईल.

पहिल्यांदा बटण चालू ठेवा. एकेका पिनेला टोक लावा, मागच्या टोपीवर बोट ठेवा. एका पिनेवर टेस्टर लागेल, दुसरीवर नाही. हे बघणं महत्त्वाचं, कारण लाकडी स्टुलावर टेस्टर मंद लागतो. आपण उभे आहोत तिथे तो किती लागतो, हे यातून कळतं. आता बटण बंद करून दोन्ही पिना पुन्हा बघा. दोन्हीवर टेस्टर लागला नाही तर जोडणी बरोबर. एका पिनेवर तो तसाच लागला तर बटण न्यूट्रल तोडतंय. शेवटी बटण परत चालू करून टेस्टर शाबूत असल्याची खात्री करा. जिन्यातल्या दिव्याला दोन बटणं असतात, तिथे दोन्हींच्या सगळ्या स्थितींत बघावं लागतं.

दोन ठिकाणी टेस्टर फसवतो. बटणात इंडिकेटर असेल किंवा तारा लांबवर शेजारी-शेजारी गेल्या असतील, तर बंद पिनेवरही अंधुक उजेड दिसतो. अशा वेळी वायरमनने टेस्ट लॅम्प लावून ठरवावं. दुसरं म्हणजे, लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ही तपासणी करू नका. तेव्हा टेस्टरचं खरं धरता येत नाही.

एका घरातली गोष्ट सांगतो. हॉलची ट्यूब, स्वयंपाकघराचा दिवा, पंखा, सगळ्यांची बटणं न्यूट्रलवर निघाली. गीझर आणि वॉशिंग मशीनचे पॉइंट मात्र बरोबर. एकच पॉइंट चुकला असता तर दोष त्या बोर्डात शोधला असता. सगळं घर उलटं असतं तर मेनजवळ शोधला असता. इथे फक्त इन्व्हर्टरवरचे पॉइंट उलटे होते, आणि त्यांना फेज-न्यूट्रल दोन्ही इन्व्हर्टरमधूनच येत होते. म्हणून इन्व्हर्टर ज्या प्लगवर होता तो बघितला. तिथे टेस्टर डावीकडच्या भोकात लागला. त्या एका सॉकेटच्या मागच्या दोन तारा अदलाबदल झालेल्या होत्या. मेन बंद करून त्या सरळ केल्या आणि सगळी बटणं एकदम सुधारली. बोर्ड एकेक उघडत बसलो असतो तर दिवस गेला असता.

तारेच्या रंगावर विसंबू नका. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग हे खरं, पण लावणाऱ्याने तसं लावलं असेल तर. आणि तपासणीत दोष निघाला तर बोर्ड स्वतः उघडू नका. परवानाधारक वायरमनला बोलवा आणि 'कोणकोणते पॉइंट उलटे आहेत' ही यादी त्याच्या हातात द्या. दुरुस्तीनंतर त्याच होल्डरवर, बटण बंद असताना, टेस्टर लावून दाखवायला सांगा. मगच पैसे द्या.