फास्टॅगच्या स्टेटमेंटमधली वेळ नीट वाचा

टोलचे पैसे दोनदा कापले गेले असं वाटलं, तर फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये आधी वेळ बघा, रक्कम नंतर. तिथे दोन वेळा असू शकतात. गाडीचा टॅग वाचला गेला ती एक, आणि बँकेत नोंद झाली ती दुसरी. आपल्या कामाची पहिलीच, कारण नोंद कधीकधी उशिरा, अगदी दुसऱ्या दिवशीही पडते.

समजा, एका राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर सकाळी सव्वानऊला १०० रुपये कापले आणि संध्याकाळी परतताना ५०. ही चूक नव्हे. चोवीस तासांत परत आलात, तर दोन्ही फेऱ्यांचा मिळून दीडपट टोल लागतो. पण त्याच नाक्यावर सव्वानऊला १०० आणि नऊ सतराला पुन्हा १०० दिसले, तर दोन मिनिटांत गाडी जाऊन परत येणं शक्यच नाही. हीच खरी दुबार कपात.

अशा वेळी दोन्ही व्यवहारांचे क्रमांक, नाक्याचं नाव आणि वेळ लिहून टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार करा. रोख भरूनही टॅगमधून पैसे गेले असतील, तर पावती जोडा. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा मदत क्रमांक आहे.

आणखी एक. ५०० रुपये भरूनही शिल्लक कमी वाढली, तर घाबरू नका. शिल्लक संपल्यावर टोल सुरक्षा ठेवीतून गेला असेल, तर नव्या रिचार्जमधून आधी ती ठेव भरून घेतली जाते.