रुग्णाच्या तक्रारीचे उत्तर : दखल, निष्कर्ष आणि उपाय

रुग्णाच्या तक्रारीला रुग्णालयाने दिलेले उत्तर पुष्कळदा ‘चौकशीत त्रुटी आढळली नाही; गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढ्यावरच थांबते, आणि नेमके काय तपासले गेले हे तक्रारदाराला कळतच नाही. समजा, शस्त्रक्रियेनंतर रात्री 1 वाजता मागितलेले वेदनाशामक औषध रुग्णाला पहाटे 3.45 वाजता मिळाले, तर सुधारित उत्तराचा आरंभ त्या प्रतीक्षेपासूनच व्हावा : ‘आपल्याला पावणेतीन तास वेदना सोसत थांबावे लागले, याबद्दल आम्ही क्षमा मागतो.’ ‘त्रास झाला असल्यास’ या सशर्त रचनेतून त्रासाविषयीच शंका डोकावते, म्हणून ती टाळावी.

त्यानंतर निष्कर्ष, म्हणजे चौकशीतून सिद्ध झालेली वस्तुस्थिती, आधारासह यावा : औषधपत्रकात, म्हणजे कोणते औषध केव्हा दिले हे नोंदवण्याच्या तक्त्यात, 3.45 ची नोंद आहे. डॉक्टरांचा लेखी आदेश आधीपासून नव्हता, आणि परिचारिकेच्या फोनला उत्तर न मिळाल्यास पुढे कोणाला कळवावे हे ठरलेले नव्हते. नोंदींवरून जे ठरवता आले नाही, तेही स्पष्ट सांगावे.

शेवटी येणारे ‘कर्मचाऱ्यांना समज दिली आहे’ हे वाक्य अपुरे ठरते, कारण त्याने आदेशाची उणीव भरून निघत नाही. रुग्ण वॉर्डात येण्यापूर्वीच वेदनाशामकाचा आदेश लिहिला जाईल, फोनला 15 मिनिटांत उत्तर न आल्यास वरिष्ठ डॉक्टरांना कळवले जाईल, ही जबाबदारी कोणाची आणि अंमल कोणत्या तारखेपासून, हे लिहिले तरच त्या उपायाची पुढे पडताळणी करता येते.